नोटिशीचे पैसे भरून नोकरी सोडता येते का? कंपनीने 'गार्डन लीव्ह' म्हणून घरी बसवले आहे

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यात एका बियाणे कंपनीचा क्षेत्र अधिकारी म्हणून चार वर्षांपासून काम करतो. कपाशी आणि सोयाबीनच्या बियाण्याचे बुकिंग, कृषी केंद्रांकडील वसुली आणि शेतकऱ्यांच्या बांधावरची प्रात्यक्षिके हे माझे काम आहे. दुसऱ्या एका बियाणे कंपनीने मला वाशीम जिल्ह्यासाठी नेमणूक देऊ केली असून त्यांना मी १ जूनला रुजू व्हायला हवा आहे, कारण मृगाच्या तोंडावर माणूस मिळाला नाही तर त्यांचा हंगाम हातचा जातो.

माझी नोटीस साठ दिवसांची आहे. मी २० एप्रिलला ईमेलने राजीनामा दिला आणि त्यातच लिहिले की ३१ मेपर्यंत काम करीन व उरलेल्या दिवसांचे पैसे भरीन. तीन दिवसांनी कंपनीचे पत्र आले. त्यात असे म्हटले आहे: "आपण उद्यापासून कार्यालयात अथवा कार्यक्षेत्रात येऊ नये. आपला नोटीस कालावधी संपेपर्यंत आपण गार्डन लीव्हवर राहाल. या काळात आपले वेतन सुरू राहील आणि आपण अन्य कोणत्याही ठिकाणी काम करणार नाही." त्याच दिवशी लॅपटॉप आणि कंपनीचे सिम जमा करून घेतले आणि डीलरांच्या व्हॉट्सॲप गटातून मला काढले.

मी काम करायला तयार आहे तर काम देत नाहीत, आणि पैसे भरून जातो म्हटले तर त्यावर उत्तर देत नाहीत. मी नोकरीत आहे की नाही, हेच मला समजेनासे झाले आहे. पैसे भरून १ जूनला मोकळे होण्याचा मला हक्क आहे का? नियुक्तिपत्रात 'नोटीस किंवा त्याबदली वेतन' असे काहीतरी आहे, एवढे मला आठवते.

मनमोकळा_नेर

भाऊ, यात घाबरण्यासारखे काही नाही. कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवता येत नाही, असा कायदाच आहे. नोटिशीबदली पैसे देणे हा प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क असतो. मी स्वतः मागच्या नोकरीत पैसे भरले आणि आठवड्याभरात बाहेर पडलो. कोणी एक शब्द बोलले नाही. तुम्हीही धनादेश पाठवा, पोच घ्या आणि १ जूनला वाशीमला रुजू व्हा.

जुना_जिनिंगवाला

माझ्या समजुतीप्रमाणे हे निलंबन आहे. आमच्या जिनिंगमध्ये एका फिटरला असेच गेटवरून परत पाठवले होते आणि चौकशी संपेपर्यंत त्याला अर्धाच पगार मिळाला. तुमच्यावर काही आरोप ठेवला आहे का, ते आधी पाहा आणि कामगार कार्यालयात अर्ज द्या.

न्यायवाट

मी अमरावतीला सेवाविषयक आणि कामगार प्रकरणे चालवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जुना_जिनिंगवाला काका, आपण सांगितलेला प्रकार वेगळा आहे. निलंबनात आरोप असतो, चौकशी प्रलंबित असते आणि तोपर्यंत निर्वाह भत्ता मिळतो; तो सुरुवातीला सहसा अर्ध्या वेतनाइतका असतो. इथे आरोप नाही आणि वेतनही पूर्ण आहे. शिवारफेरी भाऊ, तुम्ही आजही त्या कंपनीचे कर्मचारी आहात. कंपनीने फक्त तुमच्याकडून काम घेणे थांबवले आहे. पगार, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी आणि साठत जाणारी रजा हे सारे शेवटच्या दिवसापर्यंत चालू राहायला हवे. त्याच्या बदल्यात तुमच्यावरचे बंधनही चालू राहते, म्हणजे कंपनीची माहिती बाहेर द्यायची नाही आणि या काळात दुसरीकडे काम करायचे नाही. कंपनीचा हेतू उघड आहे. कोणत्या डीलरने किती पाकिटे बुक केली, कोणाला किती उधारी आणि कोणती सूट दिली, हे तुम्हाला आज पाठ आहे. जूनचा मध्य ओलांडला, पेरण्या झाल्या, की त्या माहितीची धार जाते.

आता पैशांचा प्रश्न. मनमोकळा भाऊंचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट साहाय्य अधिनियमाच्या कलम १४ मुळे पक्के आहे. तुम्हाला हाताला धरून कोणी दारव्ह्याच्या कार्यालयात बसवू शकत नाही. पण त्यावरून पैसे भरून मोकळे होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तो हक्क खासगी नोकरीत बहुधा नियुक्तिपत्रातूनच येतो, त्यामुळे त्या कलमाचा शब्दन्‌शब्द पाहिल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. आठवणीतून लिहू नका. कागद समोर ठेवून पूर्ण कलम लिहा, विशेषतः 'मात्र' किंवा 'परंतु' नंतरचा भाग.

हिशेबनीस

मी हिंगणघाटच्या बाजूला एका सूतगिरणीत पगारपत्रकाचे काम करतो. ताईंना कलम लागेलच, पण मला आणखी दोन गोष्टी हव्या आहेत: मूळ वेतन किती आणि एकूण मासिक वेतन किती. 'नोटिशीचे पैसे' हा आकडा यांपैकी कशावर काढायचा, यावरच अंतिम हिशेबाच्या वेळी सर्वांत जास्त भांडणे होतात.

शिवारफेरी

नियुक्तिपत्र इंग्रजीत आहे. त्याचा मराठी आशय जसाच्या तसा देतो. "दोन्ही पक्षांपैकी कोणीही साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन, अथवा नोटिशीच्या कमी पडणाऱ्या दिवसांइतके मूळ वेतन देऊन, ही नोकरी संपवू शकेल. मात्र कर्मचाऱ्याने राजीनामा दिल्यास, नोटिशीबदली वेतन स्वीकारून त्यास मुदतीपूर्वी मुक्त करणे हे व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन राहील." पुढच्या पानावर एक ओळ आहे की नोटीस कालावधीत कंपनी कर्मचाऱ्यास पूर्ण वेतनावर कामापासून दूर ठेवू शकेल. माझे मूळ वेतन २१,००० रुपये आणि एकूण मासिक वेतन ३६,००० रुपये आहे.

न्यायवाट

हे कलम आले म्हणून बरे झाले, कारण सगळे त्या 'मात्र'वर उभे आहे. पहिलेच वाक्य असते, तर मी म्हटले असते की निवड तुमची आहे. पैसे देऊ करा, कंपनीने ते नाकारले तरी तुमच्या बाजूने करार संपवण्याची अट तुम्ही पाळलेली आहे. दुसऱ्या वाक्याने ती निवड कर्मचाऱ्याकडून काढून घेऊन व्यवस्थापनाच्या हाती दिली आहे. म्हणजे तुमचा ईमेलमधील प्रस्ताव ही आज एक विनंती आहे. कंपनीने हो म्हटले तर तुम्ही ३१ मेला मुक्त होता. नाही म्हटले तर साठ दिवस पूर्ण होईपर्यंत नोकरी चालू राहते. कंपनीच्या बाजूने मात्र असे बंधन नाही, हे एकतर्फी आहे आणि मला ते मुळीच पटत नाही. तरीही न्यायालय सही केलेला कागद आधी वाचते.

यावर तुम्ही विचाराल की कंपनीने नाही म्हटले आणि तरी मी १ जूनला गेलो, तर काय होईल. कंपनी तुमच्याकडे कमी दिवसांचे मूळ वेतन मागेल. करारातच रक्कम ठरलेली असल्यामुळे करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे साधारणपणे त्या मर्यादेतच वाजवी भरपाई मिळते. ती कार्यमुक्ती पत्र अडवेल, आणि हाच रोजच्या व्यवहारातला खरा त्रास असतो. तिसरी शक्यता कमी वेळा घडते, पण ती सांगितली पाहिजे. कामावर परत आणण्याचा हुकूम मिळत नसला, तरी करार चालू असतानाच्या काळात प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, अशी मनाई न्यायालय देऊ शकते. १९६७ च्या सेंच्युरी स्पिनिंगच्या प्रकरणात कल्याणच्या कारखान्यातील एका शिफ्ट पर्यवेक्षकाने पाच वर्षांचा करार अर्धवट सोडला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची तशी मनाई कायम ठेवली. तुमच्या बाबतीत उरलेले दिवस इतके थोडे आहेत की दावा दाखल होऊन सुनावणी होईपर्यंत मुदत संपूनही जाईल. तरी नव्या कंपनीला वकिलाची नोटीस गेली, तर त्यांचा विचार बदलू शकतो.

मनमोकळा_नेर

ताई, पण गार्डन लीव्ह बेकायदा आहे, असे मुंबई उच्च न्यायालयानेच व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात म्हटले आहे ना? पूर्ण पगार दिला तरी माणसाला काम करण्यापासून रोखता येत नाही, असे मी वाचले आहे. नागपूर खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचे आहे, म्हणजे तो निकाल आपल्याकडे लागू पडतो.

न्यायवाट

निकाल आपण बरोबर शोधलात आणि तो आपल्याकडे महत्त्वाचाच आहे, पण त्यातील वस्तुस्थिती वेगळी होती. तिथे गार्डन लीव्हचे तीन महिने नोकरी संपल्यानंतर सुरू होणारे होते. नोकरी संपली, संबंध तुटला आणि तरी तीन महिने दुसरीकडे जाऊ नये, ही अट करार अधिनियमाच्या कलम २७ प्रमाणे व्यवसायावरचे बंधन ठरते, मग त्या महिन्यांचे पैसे दिले तरी. न्यायालयाच्या म्हणण्याचा गाभा तोच होता.

शिवारफेरी भाऊंच्या पत्रातील गार्डन लीव्ह नोटिशीच्या साठ दिवसांच्या आत आहे, म्हणजे नोकरी चालू असतानाची आहे. त्यामुळे कागद हाती आला की मी आधी एकच गोष्ट पाहते: घरी बसवण्याचा शेवटचा दिवस आणि नोटिशीचा शेवटचा दिवस एकच आहे का. कंपनीने उद्या "३१ जुलैपर्यंत घरीच राहा" असे लिहिले, तर नोटिशीनंतरचे सगळे दिवस कलम २७ च्या कक्षेत येतील आणि ते पाळण्याची गरज नाही, असे मी ठामपणे सांगेन.

हिशेबनीस

मग तो शेवटचा दिवसच आधी काढू. ईमेल २० एप्रिलचा, म्हणून मोजणी २१ एप्रिलपासून धरतो. एप्रिलचे १०, मेचे ३१, म्हणजे ४१ दिवस झाले; उरले १९. म्हणजे साठावा दिवस १९ जून येतो. शिवारफेरी भाऊ ३१ मेला निघाले, तर १९ दिवस कमी पडतात.

त्यांच्या कलमात मूळ वेतन म्हटले आहे, म्हणून २१,००० भागिले ३०, दिवसाला ७०० रुपये, आणि १९ दिवसांचे १३,३०० रुपये. हीच मोजणी एकूण वेतनावर केली तर दिवसाला १,२०० रुपयांप्रमाणे २२,८०० रुपये होतात. साडेनऊ हजारांचा फरक एका शब्दामुळे पडतो. अंतिम हिशेबाचा कागद हाती आला की आधी हे पाहा, कारण संगणक प्रणालीत 'एकूण वेतन' आधीच भरलेले असते आणि कारकून ते बदलायला विसरतो.

त्या कागदावर १८ टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर तो काढायला सांगा. ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८ क्रमांकाच्या परिपत्रकात नोटीस वेतनाच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असे स्पष्ट केले आहे. नवी कंपनी हे पैसे भरून देत असेल, तर ती रक्कम तुमच्या पगारात धरली जाईल आणि तिच्यावर आयकर लागेल. हे त्यांच्याशी बोलताना लक्षात ठेवा.

मनमोकळा भाऊंनी सुचवल्याप्रमाणे गुपचूप १ जूनला रुजू होण्यातला धोका मला रोज दिसतो. जुनी कंपनी १९ जूनपर्यंतची पीएफ वर्गणी भरेल आणि नवी कंपनी १ जूनपासूनची. दोन्ही एकाच यूएएनवर दिसतात आणि सेवा इतिहासात जूनचे एकोणीस दिवस दोन्हीकडे येतात. पुढे पैसे वर्ग करताना किंवा पडताळणीच्या वेळी तो प्रश्न उभा राहतो आणि त्यात पहिल्या कंपनीची मदत लागते. घरी बसून पगार घेणे आणि त्याच वेळी दुसरीकडून पगार घेणे, हे तिथे लेखी उमटते.

गुरुजी_आर्णी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषय हाच आहे म्हणून विचारतो. मी एका खासगी अनुदानित शाळेत कायम शिक्षक आहे. दुसऱ्या जिल्ह्यातील संस्थेत मला जागा मिळते आहे. शाळा जूनच्या शेवटी उघडेल; त्याआधी सुट्टीतच राजीनामा द्यावा आणि तीन महिन्यांचे पैसे भरावेत, असे सहकारी सांगतात. संस्थेचे अध्यक्ष नाराज आहेत. मलाही ते गार्डन लीव्हवर बसवू शकतात का?

न्यायवाट

सर, आपली गोष्ट नियुक्तिपत्रावर नाही, तर महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी नियमावली, १९८१ वर चालते, आणि त्यातील नियम ४० अगदी नेमका आहे. कायम कर्मचाऱ्याला तीन पूर्ण महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्याआधी मुक्त करण्याची परवानगी व्यवस्थापन 'देऊ शकते', म्हणजे इथेही पैसे देणे हा एकतर्फी हक्क नाही. रक्कम भत्ते वगळून फक्त वेतनावर आणि फक्त कमी पडलेल्या दिवसांपुरती असते. व्यवस्थापनाने नोटीस आणि पैसे दोन्ही न घेता सोडले, तर तेवढी रक्कम शाळेच्या अनुदानातून कापली जाते. म्हणून अध्यक्षांनी तोंडी "जा तुम्ही, पैसे नकोत" म्हटले तरी त्यावर विसंबू नका.

सहकाऱ्यांचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. त्याच नियमात आहे की सुट्टीचा लाभ मिळणाऱ्या कर्मचाऱ्याने सुट्टीत नोटीस देऊ नये, नोटिशीच्या काळात सुट्टीचा कोणताही भाग येऊ देऊ नये आणि पहिले सत्र सुरू झाल्यापासून एक महिन्याच्या आतही देऊ नये. म्हणजे मे महिन्यात दिलेला राजीनामा पहिल्या पायरीवरच वादात सापडेल. राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून लिहा, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवा आणि दुसरी स्वतःजवळ ठेवा. १९७७ च्या अधिनियमातच ती पद्धत सांगितली आहे. गार्डन लीव्हसारखी तरतूद या नियमांत नाही. आपल्याला हजेरीपटावर सही करू दिली नाही, तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

गुरुजी_आर्णी

आभारी आहे, ताई. सुट्टीबाबतची अट मला कोणीच सांगितली नव्हती. नव्या संस्थेला तारखेबद्दल विचारून पाहतो, पण ते तितके थांबतील का, याची खात्री वाटत नाही.

शिवारफेरी

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या सांगण्यावरून मी मनुष्यबळ विभागाला नवीन ईमेल केला. त्यात तीन गोष्टी लिहिल्या: मी साठ दिवस काम करायला तयार होतो आणि आहे, गार्डन लीव्हचा शेवटचा दिवस १९ जून आहे, हे लेखी कळवावे, आणि मला लवकर मुक्त केल्यास कलमाप्रमाणे मूळ वेतनाने रक्कम भरीन. सोबत नवीन कंपनीलाही १ जूनऐवजी पुढची तारीख मागितली. जमा केलेल्या वस्तूंची यादी करून तिच्यावर विभागीय व्यवस्थापकांची सही आधीच घेतली होती, तीही जोडली.

आज उत्तर आले. कंपनी ७ जूनला मला मुक्त करायला तयार आहे, म्हणजे १२ दिवस कमी पडतात आणि ८,४०० रुपये माझ्या अंतिम हिशेबातून वजा होतील. नवीन कंपनीने ९ जून मान्य केला आहे. मात्र एक गोष्ट त्यांनी नाकारली. आमचा खरीप प्रोत्साहन भत्ता जूनअखेरच्या विक्रीवर मिळतो. माझ्या डीलरांचे जवळजवळ सगळे बुकिंग मी एप्रिलपूर्वीच केले होते. ते म्हणतात की आपण गार्डन लीव्हवर होता आणि जूनअखेर सेवेत नसाल, म्हणून भत्ता मिळणार नाही. प्रवास भत्ता मिळणार नाही हे मला मान्य आहे, कारण मी फिरलोच नाही.

हिशेबनीस

अनुभवाने सांगतो, हा भत्ता मिळणार नाही. अशा योजनांत 'देय तारखेला सेवेत असणे' ही अट बहुतेक नेहमी असते. गार्डन लीव्ह नसती, तरी तुम्ही ७ जूनला गेलाच असता. बाकीचा पगार मात्र अडवू देऊ नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्याने नोकरी संपल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन द्यावे लागते.

न्यायवाट

मी इथे हिशेबनीस भाऊंशी पूर्ण सहमत नाही. ७ जूनच्या तारखेला तुम्ही स्वतः संमती दिली, ही तुमची कमकुवत बाजू आहे, हे खरे. पण भत्ता बुकिंगवर मिळत असेल आणि बुकिंग तुमच्या नावावर आधीच नोंदलेले असेल, तर ते कमावलेले वेतन आहे, असे मांडता येते. भत्ता प्रत्यक्ष विक्रीवर असेल, तर वितरणाच्या काळात तुम्हाला कामापासून कंपनीनेच दूर ठेवले, हा मुद्दा उरतो, पण तो तुलनेने कच्चा आहे. दोन्ही बाजूंनी वाद होऊ शकतो आणि योजनेचा कागद न पाहता मी निकाल सांगणार नाही.

तोपर्यंत एक काळजी घ्या. अंतिम हिशेबाच्या कागदावर सहसा "माझे कंपनीकडून काहीही येणे बाकी नाही" अशी ओळ छापलेली असते. तिच्याखाली सही करताना "खरीप प्रोत्साहन भत्त्याचा दावा राखून" असे स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याची छायाप्रत ठेवा. या हंगामाच्या योजनेचे परिपत्रक तुमच्याकडे ईमेलमध्ये आले असेल, तर रकमा झाकून इथे टाका. 'बुकिंग', 'वितरण' आणि 'पात्रता' या शब्दांच्या आजूबाजूची वाक्ये मला पाहायची आहेत.

शिवारफेरी

परिपत्रक कंपनीच्या ईमेलवर होते आणि तो आता बंद आहे. आमच्या गटातील एका जुन्या सहकाऱ्याकडे त्याची छापील प्रत आहे. तो सोमवारी दिग्रसला येणार आहे. त्याच्याकडून घेऊन टाकतो.